प्रवेशाच्या गाण्यात थट्टा कोणी कोणाची करायची?



आज थोडं परखड लिहिणार आहे. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरी दारातून स्टेजकडे निघतात तेव्हा त्यांच्यासाठी खास लिहिलेलं, रेकॉर्ड केलेलं गाणं लावायची पद्धत आता आपल्या वरवट बकालपर्यंतही येऊन पोचली आहे. त्यात दोन्ही घरच्या खोड्या, लाडकी नावं, घरातल्या घरात चालणारे विनोद गुंफतात. कल्पना मला आवडते. सिनेमाचं तेच ते गाणं आणि त्यावर धूर सोडणारं यंत्र यापेक्षा कितीतरी बरी. पण गेल्या दोन वर्षांत अशी जी गाणी ऐकली, त्यांतल्या बहुतेकांत एकच गडबड आहे, आणि ती चालीची किंवा आवाजाची नाही. एका घरचे लोक दुसऱ्या घरच्या माणसांची थट्टा करतात, आणि ती माणसं गाणं संपेपर्यंत नुसती बसून राहतात.

तुम्ही म्हणाल, लग्नात थट्टा काय नवीन आहे? नाहीच. विहिणीच्या पंगतीला विहीण गायची आपल्याकडे केवढी जुनी रीत आहे. वऱ्हाडात आणि खानदेशात व्याह्या-विहिणींना गाण्यातून गाळी देतात, आपल्यातल्या मारवाडी घरांमध्ये बन्ना-बन्नीच्या गीतांनंतर तशीच गाळ गातात. त्यात विहिणीच्या खाण्याला, चालण्याला, नथीला, कशालाही सोडत नसत. माझ्या सासूबाई सांगायच्या, एकदा विहिणीकडच्या बायकांनी त्यांना असं घेरलं की हातातला घास हातातच राहिला. पण पुढचं त्या जास्त रंगवून सांगायच्या. यांच्याकडच्या दोन बायका उठल्या आणि त्याच चालीत त्यांनी सव्वा शेर उत्तर दिलं.

सगळा मुद्दा त्या उत्तरात आहे. जुन्या गाण्यात गाणारी समोर उभी असायची. जिच्यावर गाणं, ती तिथंच बसलेली असायची. तिच्या चेहऱ्याकडे बघून गाणारी पुढची ओळ मऊ करायची, आणि एक बाजू थांबली की दुसरीची पाळी यायची. पेन ड्राइव्हवरच्या गाण्याला यातलं काही नाही. ते कोणाचा चेहरा बघत नाही आणि कोणाला पाळी देत नाही. शिवाय व्हिडिओत जातं. विहिणीची गाळ पंगतीबरोबर विरून जायची, हे मात्र दर वाढदिवसाला कोणीतरी पुन्हा लावतं.

आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवऱ्याच्या चुलत भावंडांनी गाणं केलं होतं. चाल छान, आवाज गोड. त्यात नवरीच्या आईवर एक ओळ होती. त्या प्रत्येक गोष्ट तीनदा मोजतात, साड्यासुद्धा. भावंडांनी ते साखरपुड्याच्या दिवशी पाहिलं होतं आणि त्यांना त्याचं खरंच कौतुक वाटलं होतं. हॉल हसला. पण देण्याघेण्याच्या साड्या मोजणं आणि ते पाचशे माणसांसमोर लाउडस्पीकरवर येणं, याचा अर्थ मुलीच्या आईला काय लागला असेल, हे आईच जाणे. त्या हसल्याही. पुढे तासभर मात्र त्यांनी कुठल्याच आहेराला हात लावला नाही, मोजायचं काम धाकट्या जावेकडे दिलं.

म्हणून माझं मत असं झालं आहे की रेकॉर्ड केलेल्या प्रवेशगीतात ज्या घरची थट्टा, ती त्याच घरानं लिहावी. मुलाकडच्यांनी मुलाकडच्यांना हसावं, मुलीकडच्यांनी मुलीकडच्यांना. मग उत्तराची गरजच पडत नाही. आणि दुसऱ्या घराला एक फार उपयोगाची गोष्ट समजते, ती म्हणजे या घरातली माणसं स्वतःच्या कोणत्या खोडीवर हसू शकतात.

मार्गशीर्षात माझ्या दिरांच्या मुलाचं लग्न आहे. मुलगी कारंजाची. त्यांच्यासाठी आम्ही या नियमानं गाणं बसवलं. आमच्या बाजूनं मी आणि माझी पुतणी, त्यांच्या बाजूनं मुलीची मामी. ते कसं बसवलं तेच सविस्तर सांगते, म्हणजे ज्यांना करायचं आहे त्यांना उपयोग होईल.

सुरुवात आम्ही शब्दांपासून केली नाही, फूटपट्टीपासून केली. हॉलच्या दारापासून स्टेजच्या पायरीपर्यंत भाच्यानं टेपनं मोजलं, साठ फूट भरलं. शालू नेसलेली मुलगी अशा वेळी फुटाफुटाचं पाऊल टाकते, त्याहून मोठं नाही. गाण्याचा ठेका मिनिटाला ऐंशी टाळ्यांचा धरला आणि दर दुसऱ्या टाळीला एक पाऊल. म्हणजे मिनिटाला चाळीस पावलं, साठ फुटांना दीड मिनिट. आता गाण्याची एक ओळ आठ टाळ्यांची, म्हणजे सहा सेकंदांची. दोन ओळींचं कडवं बारा सेकंदांचं. आणि प्रत्येक कडव्यानंतर सहा सेकंद नुसतं वाजणं हवं, कारण लोक हसतात. हे सहा सेकंद बहुतेक जण ठेवत नाहीत. मग पहिल्या विनोदाच्या हशात दुसऱ्याची पहिली ओळ बुडते आणि दुसरा विनोद कोणालाच कळत नाही.

हिशेब मांडा. सुरुवातीला ध्रुवपद बारा सेकंद, शेवटी पुन्हा बारा. मधे अठरा-अठरा सेकंदांची चार कडवी, म्हणजे बहात्तर. सगळे मिळून शहाण्णव सेकंद. नव्वद चालण्याचे आणि सहा दारात फोटोसाठी उभं राहण्याचे. म्हणजे विनोद चारच बसतात, प्रत्येक घराला दोन. मामींकडे सुचलेले अकरा होते, आमच्याकडे चौदा. त्यांना फोनवर हा हिशेब सांगितला तर म्हणाल्या, "ताई, गाणं आहे का रेशन?" पण गाणं लांबवलं असतं तर मुलांना अर्ध्या वाटेत थांबून नाचावं लागलं असतं, आणि आमच्याकडे तेवढा वेळच नाही. आपल्याला सूर्यास्ताआधी पंगत उठवायची असते. मार्गशीर्षात आपल्या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. प्रवेश वीस मिनिटं लांबला तर घड्याळ बघत बसलेली आजी-आजोबांची रांग उपाशी उठते. वैशाखातल्या लग्नात तासभर जास्त मिळतो, तिथं सहा कडवी करा हवं तर.

पंचवीसातून चार निवडताना चाळणी लावली. ती साधी होती. विनोद आपल्या घरचा, पण ओळ लिहिली की ती दुसऱ्या घरच्या माणसाला फोनवर वाचून दाखवायची, काही न समजावता. समोरून "म्हणजे?" असं आलं की ओळ बाद. घरातल्या विनोदांची हीच अडचण असते. आमच्याकडे कोणी उगाच घाई केली की "बटाट्याची गोणी आली का?" असं विचारतात, त्यामागे एक लांबलचक हकीकत आहे आणि आम्ही चौघं जण त्यावर पोट धरून हसतो. मामींना ऐकवलं. त्या क्षणभर गप्प राहून म्हणाल्या, "पण तुम्ही तर बटाटा खात नाही ना?" ती ओळ तिथंच गेली. जो विनोद एका सवयीवर उभा असतो, तो टिकतो, कारण पहिल्या ओळीत सवय सांगता येते आणि दुसरीत तिला वळण देता येतं. जो एका प्रसंगावर उभा असतो, त्याला आधी गोष्ट सांगावी लागते, आणि गोष्टीला बारा सेकंद पुरत नाहीत.

दुसरी चाळणी आणखी बारीक. ज्याच्यावर ओळ आहे त्याला ती आधी ऐकवायची, तीही एकट्याला, सगळ्यांसमोर नाही. सगळ्यांसमोर विचारलं तर माणूस "चालतंय की" म्हणणारच. आणि काही विषय विचारायलाही न्यायचे नाहीत. वजन, रंग, पगार, आधी पाहिलेली स्थळं हे तर उघडच आहे. त्यात मी आपल्या घरांसाठी एक भर घालते, ती म्हणजे कोणाचा नियम मोडल्याची गोष्ट. चातुर्मासात कोणाच्या हातून काय खाल्लं गेलं, उपवासाच्या तिसऱ्या दिवशी कोण रडलं, हे घरात प्रेमानं चिडवायला ठीक आहे. मामींच्या अकरांत तसा एक विनोद होता आणि खरं सांगते, तो सगळ्यांत हसवणारा होता. पण नियम हा ज्याचा त्याचा असतो, आणि हॉलमध्ये सासरची थोरली माणसं बसलेली असतात. नवी सून त्यांना पहिल्यांदा कळायची ती मोडलेल्या नियमासकट, हे मला पटलं नाही. मामींनाही पटलं.

आता उरलेली चार कडवी. आमचे दीर, म्हणजे नवऱ्याचे वडील, यांना गाडी चुकायची भयंकर धास्ती. शेगावला गाडी पकडायची असली की घरातून इतक्या आधी निघतात की आधीच्या सगळ्या गाड्या डोळ्यांसमोरून जातात. त्यावर पुतणीनं लिहिलं:

सहाची गाडी शेगावची, बाबा चारला फलाटावर,
आपली गाडी येईस्तोवर पोचवून देती तीन-चार.

त्यांना ऐकवलं तर म्हणाले, "तीन-चार काहून? पाच लिवा ना!" म्हणजे परवानगी मिळाली.

दुसरं नवरदेवावर. आमचं किराणा दुकान. गिऱ्हाईक काही मागायला आलं आणि ते संपलेलं असलं की हा नेहमी ठोकून देतो, उद्या येईल. पहिला मसुदा असा होता की गिऱ्हाइकाला म्हणतो, माल उद्या येतो. ऐकायला ठसकेबाज. पण गाण्याच्या त्याच क्षणी दारातून नवरी आत येते आहे. 'माल' आणि ती, हे दोन एकाच वेळी समोर आले की मागच्या खुर्च्यांवरची पोरं काय शिट्ट्या मारतील ते सांगायला नको. कागदावर हे दिसत नाही. गाणं वाजताना डोळ्यांना काय दिसणार आहे, ते शेजारी लिहून काढलं तरच दिसतं. आम्ही 'माल' काढून 'गूळ' घातला:

गिऱ्हाइकाला रोज ऐकवी, गूळ उद्या नक्की येतो,
आज बघा हा नवरदेव अगदी वेळेवर येतो.

खरं तर गूळ जास्त हसवतो. एक ठरावीक वस्तू आली की दुकान डोळ्यांपुढे उभं राहतं.

तिसरं मामींचं, नवरीच्या वडिलांवर. त्यांना वीज वाया गेलेली खपत नाही. खोलीत माणसं आहेत की नाहीत हे न बघता बटणं बंद करत पुढे जातात.

पंखा बंद, दिवा बंद, आत बसलेत पाहुणे,
पप्पा गेले इकडून, बरं, ओळखावं शहाण्याने.

आणि चौथं स्वतः नवरीवर, तिनंच सुचवलेलं:

चष्मा शोधते घरभर, चष्मा असतो डोक्यावर,
नवरा मात्र पहिल्या खेपेस सापडला हो जाग्यावर.

शेवटचं कडवं हेच ठेवलं, कारण यात थट्टा आहे आणि दोघं एकत्रही येतात. तोपर्यंत ती स्टेजच्या पायरीशी पोचलेली असते. वडिलांवरची दोन कडवी आधी आणि मुलांची नंतर, असा क्रम लावला. एकदा वरची बाजू, एकदा वधूची, असं आळीपाळीनं ठेवल्यामुळे कोणालाही आपल्या माणसांची रांग लागली असं वाटत नाही. ध्रुवपदात विनोद घातला नाही. ते दोनदा येतं, आणि तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकला की शिळा होतो. तिथं फक्त वाट द्या, साथ द्या एवढंच आहे.

चालीबद्दल दोन शब्द. स्तवनाची किंवा आरतीची चाल घेऊ नका. लोकांच्या ओठांवर मूळ शब्द येतात, हात जोडले जातात, आणि त्यावर फलाटाचा विनोद आदळला की कसनुसं होतं. सिनेगीताच्या चालीची अडचण वेगळी आहे. लग्नात गाणी वाजवायला कायद्याची आडकाठी नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारच्या खात्यानं जुलै २०२३ मध्ये सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केलं. पण ती सूट समारंभात वाजवण्यापुरती. दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द चढवून तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला तर ती वेगळी गोष्ट झाली, तिथं व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच निघू शकतो. पुतणीनं केहरव्याच्या आठ मात्रांवर स्वतःच एक साधी चाल बांधली. फार थोर नाही, पण कोणाची उसनी नाही.

आपल्याकडे नावं गुंफायची सवय जुनीच आहे, फक्त ती वेगळ्या जागी होती. मराठी लग्नांत खास लिहून घेतलेल्या मंगलाष्टकांत आजोबा, काका, मामा सगळे यायचे. त्यासाठी शार्दूलविक्रीडित वृत्त, एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा. त्या मोजमापात 'ज्ञानेश्वरकाका' बसवताना कवीचे हाल व्हायचे आणि निम्मे काका गाळले जायचे, त्यावरून रुसवेही व्हायचे. (आपल्या विवाहविधीतलं मंगलाष्टक वेगळं, ते पंचपरमेष्ठींना वंदन करणारं. त्यात कोणाच्या मामाला जागा नाही आणि ते बरंच आहे.) रुसवे टाळायला आम्ही प्रवेशगीतात कोणाचं नावच घेतलं नाही. बाबा, पप्पा, नवरदेव. बस. पंचवीस काका-मामांपैकी चारांची नावं घेतली की एकवीस जण हिशेब ठेवतात.

रेकॉर्डिंग घरीच केलं, फोनवर. गाद्या रचलेल्या खोलीत, पंखा बंद करून (पप्पांना आवडेल). सगळ्या बहिणींना मिळून गायचं होतं, तसं एकदा करून पाहिलं आणि हॉलमध्ये जाऊन लावलं. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि सहा गळ्यांचे सहा उच्चार एकमेकांत मिसळून नुसती गुणगुण ऐकू येते. 'फलाटावर' चं 'फळावर' झालं होतं. म्हणून कडवी एकट्या पुतणीच्या आवाजात, आणि सगळ्या बहिणी फक्त ध्रुवपदाला. वाजंत्र कडव्याखाली अगदी हलकं, मधल्या सहा सेकंदांत मोठं. पुन्हा लावलं तेव्हा एक परीक्षा घेतली. हॉलच्या राखणदाराला शेवटच्या रांगेत बसवलं आणि काय ऐकू आलं ते विचारलं. त्यानं तीन कडव्यांचा अर्थ बरोबर सांगितला. 'गूळ' त्याला 'फूल' ऐकू आला होता. तेवढी ओळ पुन्हा म्हणवून घेतली, 'गूळ' वर थोडं थांबून.

मामींचे उरलेले विनोद वाया गेलेले नाहीत. त्यांतले माझ्या जावेवरचे दोन चांगलेच झणझणीत आहेत, नियमानं ते प्रवेशगीतात येऊच शकत नव्हते. ते त्यांनी पंगतीसाठी राखून ठेवले आहेत, तोंडानं गायला. विहीण म्हणून माझी जाऊ समोर बसलेली असेल. आम्हीही सहा जणी बसलो आहोत उत्तर जुळवत. दोन ओळी झाल्या आहेत, पुढच्या दोन अडल्या आहेत 'कारंजा' ला यमक मिळेना म्हणून. कोणाला सुचलं तर खाली लिहा. 'दरवाजा' सांगू नका, तो झाला आमचा.